पिकअप घ्यायची, पण हप्ता कुठल्या भाड्यातून?

सासवडचा एक ड्रायव्हर, वय पस्तिशीच्या आसपास. आठ-नऊ वर्षं दुसऱ्याच्या पिकअपवर काम, पगार महिना 18,000. पुरंदरच्या गावागावांतून माल गोळा करायचा आणि रात्री दिवे घाट उतरून पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवायचा, हे त्याचं रोजचं काम. शेतकरी ओळखीचे, अडत्ये ओळखीचे, घाट पाठ झालेला. गाठीला 2,20,000 रुपये होते. शोरूमने कोटेशन हातात ठेवलं आणि सोबतच्या फायनान्सच्या माणसाने सांगितलं, "एक लाख भरा, गाडी घेऊन जा." कागद घेऊन तो माझ्याकडे आला. लहान गाडीवाल्यांचे हिशेब मी लिहितो, त्यामुळे असे कागद माझ्यापुढे येतच असतात. त्याची ओळख पटेल असे तपशील इथे गाळलेत आणि आकडे गोल केलेत. डिझेल 90 रुपये लिटर धरलंय.

कोटेशन असं होतं: तेराशे किलो माल नेणारी नवी पिकअप, ऑन रोड 10 लाख. कर्ज 9 लाख, पाच वर्षं, व्याज "7 टक्के", हप्ता 20,250.

आधी त्या 7 टक्क्यांकडे पाहू, कारण बहुतेक जण तिथेच गाफील राहतात. हा दर फ्लॅट होता. म्हणजे पाचही वर्षं व्याज पूर्ण 9 लाखांवर मोजलेलं, मुद्दल दर महिन्याला कमी होत असलं तरी. 9 लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाला 63,000, पाच वर्षांचे 3,15,000. मुद्दल आणि व्याज मिळून 12,15,000, त्याला साठने भागलं की 20,250. घटत्या शिलकीवर व्याज मोजलं तर हाच हप्ता साडेबारा टक्क्यांचा निघतो. दुसऱ्या बँकेने 11 टक्के सांगितले असते तर त्याला ती महाग वाटली असती, आणि प्रत्यक्षात ती स्वस्त असती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती आकार लागेल तेही असतं. सही करण्याआधी तेवढा एक कागद मागायचा. मागितल्याशिवाय तो सहसा पुढे येत नाही.

हप्त्याशिवाय गाडीला आणखी काय लागतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. फक्त आजवर ते मालकाच्या खिशातून जायचं. विमा, सर्व्हिसिंग, टायर, फिटनेस, पीयूसी हे सगळं बारा महिन्यांवर पसरलं तर नव्या गाडीला महिना 8,000 धरावे लागतात. पहिल्या वर्षी इतके लागत नाहीत, पण चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला टायर एकदम जातात, तेव्हा साठवलेलं लागतं. म्हणजे डिझेल सोडून दरमहा 28,250 गाडीचेच. घर त्यानंतर.

भाड्याची कल्पना

त्याच्या डोक्यात एकच धंदा होता, आणि तो योग्यच होता: आजवर मालकासाठी जे केलं तेच स्वतःसाठी. एका खेपेचा हिशेब आम्ही मांडला. बावीस किलोचं एक कॅरेट धरलं तर तेराशे किलोत साधारण अठ्ठावन्न कॅरेट बसतात. कॅरेटला 40 रुपये भाडं, म्हणजे भरल्या गाडीचे 2,320. गावांत फिरून माल उचलणं धरून जाऊन-येऊन 75 किलोमीटर. भरल्या गाडीचं आणि घाटाचं ॲव्हरेज बाराचं, म्हणजे डिझेल 560. गेटचा खर्च, चहा, किरकोळ मिळून 160. हातात 1,600.

अर्धी गाडी गेली तर? अठ्ठावीस कॅरेटचे 1,120, खर्च तोच 720, हातात 400. माल निम्मा झाला की कमाई चौथाईवर येते. गाडी अर्धी भरली म्हणून डिझेल काही अर्धं लागत नाही.

भरल्या हंगामात महिन्याला बावीस खेपा होतात. फळ-भाजी विभाग शनिवारी बंद, म्हणून शुक्रवारची रात्र रिकामी, आणि आणखी चार-पाच रात्री काही ना काही कारणाने जातात. त्यात निम्म्या वेळा परतीचं भाडं मिळतं: किराणा, पशुखाद्य, हार्डवेअर, सातशेच्या आसपास. सगळं मिळून 43,000. त्यातून 28,250 गेले की उरतात 14,750. पगार 18,000 होता. म्हणजे सगळ्यात चांगल्या महिन्यातही मालक होऊन तो ड्रायव्हरपेक्षा कमी घरी नेणार होता.

आणि प्रत्येक महिना तसा नसतो. पुरंदरात सीताफळ पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढेमागेपर्यंत चालतं, वाटाणा पावसाळ्यात, अंजीर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. मे आला की विहिरी तळाला जातात आणि कॅरेट कमी होतात. जूनमध्ये पेरणीची गडबड. त्याच सुमारास ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते, दोन मुक्काम करते, तेव्हा घाट गाड्यांना बंद असतो. अशा महिन्यात बारा खेपा, त्याही अर्ध्या. परतीची मोजकी भाडी धरून साडेसात हजार सुटतात. 28,250 कुठून आणायचे?

"दादा, मग दिवसा एमआयडीसीचं धरतो," तो म्हणाला. जेजुरीत एका ठेकेदाराकडे महिन्याचं बांधील काम होतं: दीड हजार किलोमीटरपर्यंत 38,000, डिझेल आपलं. डिझेलचे सव्वाअकरा हजार वजा केले तर पावणेसत्तावीस हजार सुटतात. ऐकायला बरं वाटतं. पण ठेकेदाराचं बिल साठ दिवसांनी निघत होतं. म्हणजे पहिले दोन महिने डिझेल आणि हप्ता मिळून 63,000 स्वतःच्या खिशातून घालायचे, आणि तेही डाउन पेमेंट भरून खिसा हलका झाल्यावर. शिवाय दिवसभर कंपनी आणि रात्री यार्ड, असं गाडी करू शकते. माणूस चार दिवस करेल, पाचव्या दिवशी घाटात डोळा लागेल. दुसरा ड्रायव्हर ठेवायचा तर त्याचा पगार निघायला हवा, आणि एका गाडीतून तो निघत नव्हता. दोन धंदे एका गाडीवर मांडताना ही झोप हिशेबात कुणी धरत नाही.

जुनी गाडी, आणि तीन दिवसांची एजन्सी

दुसरा पर्याय होता तीन वर्षं वापरलेली पिकअप. किंमत 5,50,000. जुन्या गाडीला व्याज जास्त, घटत्या शिलकीवर 17 टक्के, मुदत तीन वर्षं. 4 लाख कर्जाला हप्ता 14,260. देखभाल जास्त धरली, महिना 9,500. एकूण 23,760. दर साडेचार टक्क्यांनी महाग असूनही दरमहा साडेचार हजारांचं ओझं कमी. टक्का नेहमी रकमेबरोबर पाहायचा. एकट्या टक्क्यावरून काही ठरत नाही.

माझ्या मते खरा फरक मात्र वेगळ्याच जागी होता. मी त्याला विचारलं, वर्षाने धंदा बसला आणि गाडी विकावी लागली तर कर्ज फिटेल का? नव्या गाडीवर बारा हप्ते, म्हणजे 2,43,000 भरून झाल्यावरही 7,62,000 बाकी राहतात. ऑन रोड दहा लाखांत रोड टॅक्स, विमा, नोंदणी आलेली असते, आणि तो पैसा विकताना कुणी देत नाही. वर्षभर कॅरेट वाहिलेल्या त्या गाडीला साडेसात लाखही मिळाले नसते. जुन्या गाडीवर बारा हप्त्यांनंतर बाकी 2,88,000. तिचा मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला, त्यामुळे साडेचार लाखांना ती सहज गेली असती. नव्या गाडीत धंदा बसला तर गाडी जाऊनही देणं अंगावर राहिलं असतं. जुन्यात गाडी विकून सुटता येत होतं. त्याच्या बायकोने हा हिशेब ऐकला आणि म्हणाली, "अहो, मग जुनीच बघा की." नव्या गाडीच्या हाराफुलांचा विषय तिथेच संपला.

मंदीचे महिने तरीही उरत होतेच. त्यासाठी काम सापडलं ते गावातच. बिस्किटं-साबणाची एजन्सी असलेल्या एका शेठना तालुक्यातल्या दुकानांना माल पोचवायला सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडी हवी होती. दिवसाला 1,000, डिझेल शेठचं, महिन्याला तेरा दिवस, म्हणजे 13,000, आणि पैसे पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला. यार्डाच्या खेपा मग मंगळवार, गुरुवार आणि रविवारच्या पहाटेच्या राहिल्या. रविवारी पुण्यात आवक मोठी असते, ती हातची जात नव्हती, आणि माल पोचवून आल्यावर त्याला त्या दिवशी झोप मिळत होती.

या मांडणीची किंमत आहे, आणि ती त्याला आधीच सांगितली होती. जुन्या गाडीवर फक्त यार्ड केलं तर भर हंगामात सव्वाएकोणीस हजार उरत होते. एजन्सी धरली तर खेपा घटून साडेतेरा हजार. चांगल्या महिन्यात जवळजवळ सहा हजार सोडायचे. पण मे महिन्यात फक्त यार्डावर सोळा हजारांचा खड्डा पडत होता, तो साडेसहा हजारांवर आला. तेरा हजार एजन्सीचे आणि 14,260 हप्ता, म्हणजे हप्ता जवळजवळ झाकलेला. घर बायकोच्या शिवणकामावर आणि दोन म्हशींच्या दुधावर थोडं टेकलं. हंगामाच्या ऐन भरात आठवड्याला दोन जादा रात्री चुलतभाऊ गाडी चालवणार, असंही ठरलं.

कागद

जुन्या गाडीत इंजिनाइतकेच कागद तपासावे लागतात. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 हवेत, नाहीतर आरसीवर जुना बोजा तसाच राहतो. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, नव्या बोज्यासाठी 34. एम-परिवहनवर गाडी नंबर टाकून थकलेली ई-चलनं पाहिली तेव्हा 4,500 निघाली, ती किमतीतून वजा केली. विमा आपल्या नावावर झाला का हे वेगळं पाहायचं; आरसी बदलली म्हणजे विमा आपोआप बदलला असं होत नाही.

आरसीवर एकूण वजन पाहायचं. माल धरून गाडीचं एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्यात माल परवान्यातून सूट आहे. काही कंपन्यांच्या पिकअप तीन हजारांच्या जरा आत बसवलेल्या दिसतात, त्याचं एक कारण हे. लायसन्सचा घोळ आता राहिला नाही: साध्या एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. ओव्हरलोडचा मोह मात्र मोठा. अठ्ठावन्नच्या जागी सत्तर कॅरेट टाकली की पाचशे रुपये जास्त मिळतात. दंड 20,000 पासून सुरू होतो, आणि दिवे घाट उतरताना ब्रेकवर येणारं वजन वेगळंच.

सरकारी योजनांबद्दल त्याने विचारलं होतं. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, पण बँकेने मंजूर करायला हवं, आणि जुन्या गाडीला बँका नाखूश असतात. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यात हप्ता आधी आपण वेळेवर भरायचा आणि व्याज मागून खात्यावर येतं. त्यामुळे "व्याज माफ आहे" असं धरून हप्ता बेतणं धोक्याचं. परतावा उशिरा आला तरी हप्त्याची तारीख हलत नाही.

डाउन पेमेंटला तो सगळे 2,20,000 घालायला निघाला होता. हप्ता अडीच हजारांनी कमी झाला असता. आम्ही 1,50,000 भरले, फी, नावांतर आणि पुढचे दोन टायर यांत 20,000 गेले, आणि 50,000 बायकोच्या खात्यात वेगळे ठेवले.

वर्ष कसं गेलं

गाडी जुलैत आली. सीताफळ चांगलं होतं, पहिले चार महिने त्याला वाटायला लागलं की नवीच घेतली असती तरी चाललं असतं. डिसेंबरात क्लच आणि इंजेक्टर एकदम गेले. 22,000 खर्च, सहा दिवस गाडी उभी. बायकोच्या खात्यातले पैसे तिथे लागले. एजन्सीच्या त्या आठवड्यातल्या फेऱ्या त्याने ओळखीच्या टेम्पोला दिल्या आणि शेठना आधीच फोन करून सांगितलं. काम टिकलं ते त्यामुळे.

दुसरी गळती हळूहळू कळली. शेतकरी ओळखीचे, त्यामुळे "पट्टी आली की देतो" हे रोजचं उत्तर. पट्टी म्हणजे अडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब. कुणाकडे आठशे, कुणाकडे दोन हजार. फेब्रुवारीत वही जुळवली तर 31,000 बाहेर होते, म्हणजे दोन हप्त्यांपेक्षा जास्त. हिशेबात धंदा नफ्यात आणि खिशात डिझेलला पैसे नाहीत, ही अवस्था याच वाटेने येते. उपाय यार्डातला जुनाच आहे: गाडीभाडं पट्टीतच कापून घ्यायचं. अडत्या शेतकऱ्याच्या पट्टीतून भाडं वजा करतो आणि गाडीवाल्याला देतो. त्याने तीन अडत्यांशी बोलून तसं लावून घेतलं. एक-दोन शेतकरी रुसले. "तात्या, तुमच्यावर भरवसा आहे, पण फायनान्सवाल्याला पट्टी कळत नाही," असं त्याने एकाला सांगितलं, तो हसला आणि पुढच्या खेपेला माल दिला. जुनी बाकी पूर्ण आली नाही. पाच हजार सोडून द्यावे लागले.

जूनमध्ये हप्ता चुकला. पैसे नव्हते असं नव्हे. हप्ता 3 तारखेला खात्यातून कापला जायचा आणि एजन्सीचे पैसे 5 ला यायचे. एरवी खात्यात हंगामाची शिल्लक असे, पालखीच्या महिन्यात नव्हती. हप्ता परत गेला की फायनान्स कंपनी बाऊन्स चार्ज लावते आणि आपली बँक वेगळा. दोन्ही मिळून हजाराच्या वर गेले, दोन दिवसांच्या फरकासाठी. त्याने शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला आणि हप्त्याची तारीख 10 करून घेतली. हे पहिल्या दिवशीच करून घ्यायचं काम होतं. कर्ज देणाऱ्याला तारखेचं फारसं काही नसतं, फक्त कुणीतरी मागावं लागतं.

त्या आठवड्यात वसुलीच्या फोनने तो घाबरला होता, म्हणून पुढचं काय असतं ते त्याला सांगितलं. थकलेल्या हप्त्यावर दंड लागतो, पण एप्रिल 2024 पासून तो दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात, जमा होतं. गाडी बोज्याची असल्याने कंपनी ती ताब्यात घेऊ शकते, मात्र करारात लिहिल्याप्रमाणे नोटीस देऊन, आणि विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी देऊन. रस्त्यात चार माणसांनी चावी हिसकावणं यात बसत नाही. पण या हक्कांच्या भरवशावर राहण्याआधीच नुकसान झालेलं असतं: त्याचा सिबिल उतरतो, आणि जामीन राहिलेल्या मेहुण्याचाही. मेहुण्याला घरकर्ज घ्यायचं होतं. त्याला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्षअखेर हिशेब असा: महिन्याला सरासरी बारा हजारांच्या आसपास घरी आले. पगारापेक्षा सहा हजार कमी. दुसऱ्या बाजूला कर्जाचं मुद्दल 1,12,000 ने उतरलं. यातलं त्याचं नक्की किती, हे गाडी विकताना काय मिळेल त्यावर अवलंबून आहे. साडेचार लाखांचा अंदाज खरा ठरला तर बाकी फेडून दीड लाखावर हातात राहतात. मी याला नफा म्हणणार नाही, कारण भरलेले दीड लाख त्यात परत येतात, एवढंच. दोन वर्षं असाच चालला आणि कर्ज फिटलं तर महिन्याचे सव्वाचौदा हजार मोकळे होतात, तेव्हा हा धंदा त्याच्या पगाराच्या पुढे जातो. त्याआधी जात नाही.

जुलैत त्याला त्याच कंपनीचा फोन आला. बारा हप्ते भरलेत, दीड लाखाचा टॉप-अप मंजूर आहे, दुसऱ्या गाडीचं डाउन पेमेंट होईल. दुसऱ्या गाडीला ड्रायव्हर लागेल आणि एजन्सीचं काम एकाच गाडीचं आहे, हे त्यानेच बोलून दाखवलं. टॉप-अपचा दर किती, असं त्याने विचारल्यावर समोरून फक्त हप्ता सांगितला गेला. त्याने की फॅक्ट स्टेटमेंट पाठवायला सांगितलंय. अजून आलेलं नाही. दरम्यान बायकोच्या खात्यात पुन्हा 35,000 जमलेत.